पार्ट बी भरल्यापासून मध्यरात्रीपर्यंत: आंतरराज्य ई-वे बिलाची मुदत

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रस्त्याने जाणाऱ्या मालाची किंमत ५०,००० रुपयांहून अधिक असेल, तर तो जागेवरून हलण्यापूर्वी त्याचे ई-वे बिल तयार असावे लागते. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याचे कलम ६८ आणि त्या कायद्याखालील नियमावलीतला नियम १३८ हा त्याचा पाया. जीएसटी आल्यावर, १ जुलै २०१७ पासून राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकर नाके उठले आणि गाडी थांबवून कागद पाहण्याचे काम फिरत्या पथकांकडे गेले. पथकाला गाडी कुठेही भेटू शकते, म्हणून मालाची नोंद गाडीच्या आधी सरकारी पोर्टलवर पोहोचलेली असावी, ही या व्यवस्थेमागची कल्पना. १ फेब्रुवारी २०१८ ला ती सुरू करण्याचा पहिला प्रयत्न पोर्टलला भार न पेलल्यामुळे फसला. आंतरराज्य वाहतुकीसाठी ती १ एप्रिल २०१८ पासून देशभर लागू झाली.

पन्नास हजारांची ही मर्यादा मोजताना इन्व्हॉइसमधल्या मूल्यात करही धरायचा असतो. ४५,००० रुपयांच्या मालावर १८ टक्के कर लागला की रक्कम ५३,१०० होते आणि ई-वे बिल आवश्यक ठरते. माल करपात्र व करमुक्त असा मिश्र असेल, तर करमुक्त भागाची किंमत वगळतात. दोन बाबतींत आंतरराज्य वाहतुकीला किमतीची अटच नाही. मालकाने परराज्यात जॉबवर्कसाठी पाठवलेला माल आणि नोंदणीतून सूट मिळालेल्या कारागिराच्या हस्तकलेच्या वस्तू कितीही कमी किमतीच्या असल्या, तरी बिल लागते. महाराष्ट्रातल्या अनेक लहान कारखानदारांची इथे फसगत होते. राज्यांतर्गत वाहतुकीसाठी महाराष्ट्राने ही मर्यादा एक लाख रुपये ठेवली आहे. पुण्याला माल पाठवताना अंगवळणी पडलेला तोच आकडा बेळगावला किंवा सुरतेला माल पाठवतानाही डोक्यात राहतो.

बिलाचा नमुना ईडब्ल्यूबी-०१ या नावाने ओळखला जातो आणि त्याचे दोन भाग आहेत. पार्ट ए मध्ये माल पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, माल निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण पिनकोडसह, इन्व्हॉइस किंवा डिलिव्हरी चलानाचा क्रमांक व तारीख, एचएसएन कोड, किंमत आणि पाठवण्याचे कारण येते. पार्ट बी मध्ये गाडीचा क्रमांक आणि ट्रान्सपोर्टच्या बिल्टीचा क्रमांक येतो. पार्ट ए भरला की एक क्रमांक मिळतो. पार्ट बी भरण्यासाठी तो पंधरा दिवस चालतो, पण तेवढ्यावर माल रस्त्यावर आणता येत नाही. पार्ट बी पहिल्यांदा भरला जातो त्या क्षणी बिल पूर्ण होते आणि मुदत मोजायला सुरुवात होते. मुदतीसंबंधीच्या बहुतेक चुकांचे मूळ या एका वाक्यात आहे.

मुदत अंतरावर ठरते. सुरुवातीला दर १०० किलोमीटरला एक दिवस मिळत असे. १ जानेवारी २०२१ पासून तो दर २०० किलोमीटरला एक दिवस असा कडक झाला, आणि २०० च्या वरच्या अपुऱ्या टप्प्यालाही पूर्ण दिवस मिळतो. गाडीच्या चौकटीबाहेर जाणाऱ्या अवाढव्य यंत्रसामग्रीसाठी आणि प्रवासाचा एखादा टप्पा जहाजाने होत असेल तर मात्र दर २० किलोमीटरला एक दिवस असतो. दोन पिनकोडमधले अंतर पोर्टल स्वतः दाखवते. बिल भरणाऱ्याला त्यात थोडा बदल करता येतो, पण दाखवलेल्या अंतराच्या दहा टक्क्यांहून अधिक वाढ पोर्टल स्वीकारत नाही. त्यामुळे जास्त दिवस मिळावेत म्हणून अंतर फुगवायला फारसा वाव उरलेला नाही.

दिवस कसा मोजायचा, याविषयी व्यापाऱ्यांमध्ये सर्वाधिक गैरसमज आहे. इथला दिवस चोवीस तासांचा नाही आणि बिल काढलेल्या तारखेच्या मध्यरात्रीही तो संपत नाही. पहिला दिवस संपतो तो बिल काढलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री. सोमवारी सकाळी काढलेल्या आणि सोमवारी रात्री पावणेबाराला काढलेल्या बिलांचा पहिला दिवस एकाच वेळी, मंगळवारच्या मध्यरात्री संपतो. याउलट सोमवारची मध्यरात्र उलटल्यावर दहा मिनिटांनी काढलेल्या बिलाचा पहिला दिवस बुधवारच्या मध्यरात्रीपर्यंत चालतो. रात्री उशिरा गाडी भरणाऱ्या कारखान्यात वीस-पंचवीस मिनिटांच्या फरकाने एक अख्खा दिवस मिळतो किंवा जातो. गाडीला फाटकातून बाहेर पडायला मध्यरात्र होणारच असेल, तर पार्ट बी त्यानंतर भरणे पूर्णपणे नियमात बसते. फक्त तो भरल्याशिवाय गाडी हलता कामा नये.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतली एक फाउंड्री चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्याला ओतीव लोखंडी भाग पाठवते. मालाची किंमत ६,००,००० रुपये, त्यावर १८ टक्क्यांनी एकात्मिक कर १,०८,००० रुपये, म्हणजे इन्व्हॉइस ७,०८,००० रुपयांचे. पोर्टलने अंतर ९४० किलोमीटर दाखवले असे समजू. दोनशेच्या हिशेबाने चार पूर्ण टप्पे आणि वर १४० किलोमीटर, म्हणून मुदत पाच दिवसांची. पार्ट बी सोमवार, १० नोव्हेंबर २०२५ रोजी संध्याकाळी सहाला भरला. पहिला दिवस ११ तारखेच्या मध्यरात्री संपला, म्हणून पाचवा संपेल १५ तारखेच्या, शनिवारच्या मध्यरात्री. बिलावर `Valid Until` या शब्दांपुढे हीच वेळ छापून येते आणि चालकाने पाहायची ती हीच.

पाच दिवसांत ९४० किलोमीटर हे भरलेल्या ट्रकला अवघड नाही. निपाणी, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकुरू, बंगळुरू असा हा महामार्ग गाडी चालत राहिली तर तीन दिवसांत संपतो. गाडी धावत असताना मुदत क्वचितच संपते, ती संपते गाडी किंवा माल थांबलेला असताना. थांबण्याची ठिकाणेही ठरलेली आहेत: निघण्यापूर्वी ट्रान्सपोर्टच्या गोदामात, वाटेत गॅरेजमध्ये, आणि पोहोचल्यावर घेणाऱ्याच्या बंद फाटकापुढे. या तिन्ही ठिकाणांचे नियम वेगवेगळे आहेत.

पहिले ठिकाण गोदाम. फाउंड्रीचा माल पूर्ण गाडीचा नसेल तर तो आधी टेम्पोने कोल्हापुरातल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात जातो आणि तिथे इतरांचा माल जमेपर्यंत थांबतो. एकाच राज्यात, पाठवणाऱ्याच्या जागेपासून ट्रान्सपोर्टच्या जागेपर्यंतचे अंतर ५० किलोमीटरपर्यंत असेल, तर या टप्प्यासाठी पार्ट बी भरायची गरज नाही. पार्ट ए भरून त्यात ट्रान्सपोर्टचा ओळखक्रमांक घातला की पुरे. तरीही पुष्कळ कार्यालयांत सावधगिरी म्हणून टेम्पोचा क्रमांक पार्ट बी मध्ये भरतात. त्या क्षणी मुदत सुरू होते, माल मात्र अजून कोल्हापुरातच असतो. गोदामात तीन दिवस गेले, तर चेन्नईच्या प्रवासाला पाचातले दोनच दिवस उरतात. सावधगिरीच इथे चुकीची ठरते. लांब पल्ल्याच्या गाडीत माल चढला की तिचा क्रमांक ट्रान्सपोर्टवाल्याने पार्ट बी मध्ये भरायचा, हा क्रम बिनधोक आहे.

दुसरे ठिकाण वाट. समजा शुक्रवारी, १४ तारखेला तुमकुरूच्या अलीकडे गाडीचा अॅक्सल मोडला आणि दुरुस्तीला दोन दिवस लागणार आहेत. इथे दोन मार्ग आहेत. माल दुसऱ्या गाडीत घ्यायचा झाला, तर तो पुढे निघण्यापूर्वी नव्या गाडीचा क्रमांक पार्ट बी मध्ये भरायचा. गाडी हवी तितक्या वेळा बदलता येते, पण नुसत्या बदलाने मुदत वाढत नाही. त्याच गाडीची वाट पाहायची असेल, तर पोर्टलवर `Extend Validity` या पर्यायाने मुदत वाढवावी लागते. त्यासाठी मुदत संपण्याआधीचे आठ तास आणि संपल्यानंतरचे आठ तास एवढीच खिडकी असते. आपल्या उदाहरणात ती शनिवारी दुपारी चार ते रविवारी सकाळी आठ अशी आहे. शुक्रवारी वाढ मागितली तर पोर्टल नाकारते, आणि रविवारी सकाळी नऊला उशीर झालेला असतो. वाढ मागताना गाडी सध्या कुठे आहे त्या जागेचा पिनकोड, उरलेले अंतर आणि कारण द्यावे लागते. नैसर्गिक आपत्ती, कायदा-सुव्यवस्था, माल दुसऱ्या गाडीत चढवणे, अपघात आणि इतर अशी कारणे यादीत असतात. वाढीव मुदत उरलेल्या अंतरावर ठरते. श्रीपेरुंबुदूर तिथून ३८० किलोमीटर धरले, तर दोन दिवस मिळतात.

वाढ कोण मागू शकतो, यावर रात्रीच्या वेळी मोठा गोंधळ होतो. बिलात ट्रान्सपोर्टची नेमणूक झालेली असेल, तर वाढ त्या ट्रान्सपोर्टनेच मागायची असते आणि फाउंड्रीच्या लॉगिनमधून ती होत नाही. ट्रान्सपोर्टची नोंद नसेल तर बिल काढणारा स्वतः ती मागू शकतो. चालकाने कोल्हापूरला मालकाला फोन करायचा, मालकाने ट्रान्सपोर्टच्या कारकुनाला उठवायचे, आणि कारकुनाकडे ओटीपी येणारा मोबाइल नसायचा, ही साखळी कुठेही तुटू शकते. १ एप्रिल २०२५ पासून सर्वच करदात्यांना लॉगिनसाठी दुहेरी पडताळणी बंधनकारक झाल्यापासून हा ओटीपीचा प्रश्न अधिक जाणवतो. `Valid Until` च्या वेळेआधी आठ तासांचा गजर ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात लावणे हा साधा उपाय आहे, आणि लांब पल्ल्याच्या प्रत्येक गाडीसाठी तो करायलाच हवा. वाढीलाही टोकाची मर्यादा आहे. १ जानेवारी २०२५ पासून बिल पहिल्यांदा काढल्यापासून ३६० दिवसांपलीकडे ती देता येत नाही, आणि १८० दिवसांहून जुन्या इन्व्हॉइसवर नवे बिलही निघत नाही.

खिडकी बंद झाली की त्या बिलावर माल हलवता येत नाही. गाडी दुरुस्त झाली म्हणून ती तशीच पुढे काढणे हा सर्वांत महागडा निर्णय असतो. मोडलेल्या गाडीत थांबलेला माल आणि मुदत संपलेल्या बिलावर धावणारा माल या कायद्यासमोर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅरेजची पावती, टोलच्या नोंदी, मोडलेल्या गाडीचे वेळ दाखवणारे छायाचित्र असे पुरावे त्याच दिवशी जमवून ठेवले, तर पुढे अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायालयात ते कामी येतात.

तिसरे ठिकाण पोहोचल्यानंतरचे. गाडी शनिवारी रात्री नऊला श्रीपेरुंबुदूरला पोहोचली, पण कारखाना सोमवारी उघडणार आहे. अशा वेळी माल जवळच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरवून ठेवतात आणि काम झाले असे समजतात. प्रवास खरोखर कधी संपतो, हे केंद्रीय मंडळाने सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. ते गोदाम घेणाऱ्याने आपल्या नोंदणीत व्यवसायाची अतिरिक्त जागा म्हणून दाखवले असेल, तर माल तिथे उतरल्यावर प्रवास संपतो. तसे नसेल तर माल घेणाऱ्याच्या दारात पोहोचेपर्यंत प्रवास चालू असतो आणि बिलाची मुदतही तोवर जिवंत असावी लागते. शेवटच्या ५० किलोमीटरच्या आतल्या टप्प्यासाठी पार्ट बी मध्ये नव्या टेम्पोचा क्रमांक भरावा लागत नाही. ही सूट गाडीच्या क्रमांकापुरती आहे, मुदतीला लागू नाही. सोमवारी सकाळी गोदामातून निघालेला टेम्पो दोन किलोमीटरवर अडवला गेला, तरी त्यातल्या मालाचे बिल शनिवारीच मेलेले असते.

मुदतीखेरीज बाकीच्या चुका बहुतेक टंकनाच्या असतात, पण त्यांचे परिणाम सारखे नसतात. पार्ट ए मध्ये एकदा काही चुकले की दुरुस्ती करता येत नाही. बिल काढल्यापासून चोवीस तासांच्या आत ते रद्द करून नवे काढावे लागते, आणि वाटेत एखाद्या अधिकाऱ्याने ते तपासलेले असेल तर रद्दही होत नाही. म्हणून गाडी फाटकाबाहेर पडण्यापूर्वी इन्व्हॉइस आणि बिल शेजारी ठेवून एकदा वाचणे एवढाच खरा बचाव. कोणत्या चुका किरकोळ समजायच्या, हे १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकाने ठरवून दिले आहे. जीएसटी क्रमांक बरोबर असताना नावाच्या स्पेलिंगमधली चूक, इन्व्हॉइस क्रमांकात एक-दोन अंकांचा फरक, गाडीच्या क्रमांकात एक-दोन अक्षरे किंवा अंक चुकणे, कराचा दर बरोबर असून एचएसएन कोडचे पहिले दोन अंकही बरोबर असताना पुढचे अंक चुकणे, अशा वेळी माल अडवून मोठा दंड लावायचा नाही. आंतरराज्य व्यवहारात १,००० रुपये दंड घेऊन गाडी सोडायची. पिनकोडची चूकही या यादीत आहे, मात्र एका महत्त्वाच्या अटीवर: पत्ता बरोबर असला पाहिजे आणि चुकीच्या पिनकोडमुळे बिलाची मुदत वाढलेली नसली पाहिजे. श्रीपेरुंबुदूरऐवजी दूर दक्षिणेतल्या कन्याकुमारीचा पिनकोड पडला, तर मुदत आपोआप लांबते, आणि ती चूक मग किरकोळ राहत नाही.

गाडीचा संपूर्ण क्रमांकच वेगळा असणे ही चूक मात्र या सवलतीत बसत नाही, आणि व्यवहारात ती सर्रास घडते. ऐनवेळी ट्रान्सपोर्टने दुसरी गाडी पाठवलेली असते आणि पार्ट बी मध्ये पहिल्याच गाडीचा क्रमांक राहून जातो. पथकाच्या दृष्टीने ही गाडी बिलाविना माल नेणारी ठरते. याच्या जोडीला येणारी दुसरी चूक म्हणजे एकाच इन्व्हॉइसवर, एकाच बिलावर दोनदा माल नेणे. महामार्गावरच्या टोलनाक्यांवरच्या फास्टॅगच्या नोंदी ई-वे बिलाशी जोडल्या गेल्यापासून गाडी कधी कुठून गेली हे अधिकाऱ्याला दिसते, आणि असा प्रकार सहज उघड होतो.

पथकाने गाडी थांबवल्यावर पुढचे सारे ठराविक क्रमाने होते. चालकाचा जबाब, आवश्यक वाटल्यास मालाची प्रत्यक्ष तपासणी, मग सोडण्याचा किंवा अडकवण्याचा आदेश, आणि प्रत्येकासाठी वेगळा नमुना आहे. तपासणीचा संक्षिप्त अहवाल चोवीस तासांत आणि अंतिम अहवाल तीन दिवसांत पोर्टलवर चढवावा लागतो. एकदा प्रत्यक्ष तपासणी झाली की त्याच प्रवासात त्या मालाची पुन्हा तपासणी, अगदी दुसऱ्या राज्यातही, नेमकी माहिती मिळाल्याशिवाय करता येत नाही. गाडी अर्ध्या तासाहून अधिक विनाकारण थांबवली गेली, तर ट्रान्सपोर्टला ईडब्ल्यूबी-०४ या नमुन्यात त्याची नोंद करता येते. ही तरतूद चालकांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही. ती पोहोचायला हवी, कारण रस्त्यावर एकट्या पडलेल्या चालकाच्या हातात दुसरे काही नसते.

माल अडकवला तर कलम १२९ लागते. १ जानेवारी २०२२ पासून त्याखाली वेगळा कर न घेता फक्त दंड घेतला जातो. मालक पुढे आला तर तो कराच्या दुप्पट असतो. आपल्या फाउंड्रीच्या मालावर कर १,०८,००० रुपये आहे, म्हणून दंड २,१६,००० रुपये. मालक पुढे आलाच नाही, तर मालाच्या किमतीच्या निम्मी रक्कम किंवा कराच्या दुप्पट, यातली जी जास्त ती, म्हणजे इथे ३,००,००० रुपये. सहा लाखांच्या मालावर एखाद्या रात्रीच्या विसरभोळेपणाची ही किंमत. म्हणून कर नीट भरणाऱ्या उद्योजकाला हा दंड अन्यायाचा वाटतो, आणि न्यायालयांनीही त्याची दखल घेतली आहे.

हैदराबादमध्ये जानेवारी २०२० मध्ये कागदाचा माल नेणारी गाडी मोर्चामुळे अडकली, बिलाची मुदत संपली आणि पुढे जाताना माल अडकवला गेला. वाहतूक त्याच राज्यातली असली, तरी प्रश्न मुदतीचा होता. मुदत संपली एवढ्यावरून कर चुकवण्याचा हेतू गृहीत धरता येत नाही, असा निकाल तेलंगण उच्च न्यायालयाने दिला. सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२२ ला तो कायम केला आणि विभागावरचा खर्चाचा बोजा वाढवून ६९,००० रुपयांवर नेला. हा निकाल महत्त्वाचा आहे, पण तो मुदत ओलांडण्याचा परवाना नाही. त्या प्रकरणात रस्ता बंद असल्याचा भरवशाचा पुरावा होता. कारण न देता दोन दिवस उशिरा धावणाऱ्या गाडीला त्याचा आधार मिळेलच असे नाही.

गाडी लवकर सुटावी म्हणून बहुतेक जण दंड भरतात आणि प्रकरण तिथेच संपले असे मानतात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, उत्तर प्रदेशात अडवलेल्या मालाच्या प्रकरणात, दंड भरला तरी अधिकाऱ्याने कारणांसह अंतिम आदेश द्यायलाच हवा असे स्पष्ट केले. कारण आदेश नसेल तर अपील कशाविरुद्ध करायचे, हा प्रश्न उरतो. त्यामुळे दंड भरताना आक्षेप लेखी नोंदवावा आणि आदेशाची प्रत मागावी. अपिलासाठी आदेश मिळाल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते आणि दंडाच्या १० टक्के रक्कम भरलेली असावी लागते. शिरोलीच्या त्या फाउंड्रीच्या बाबतीत ही रक्कम २१,६०० रुपये होते.